पेढ्याच्या डब्याबरोबर घरी जाणाऱ्या चार ओळी: साताऱ्यातल्या एका मिठाईच्या दुकानाचं प्रकरण

दुकान साताऱ्यातलं, भर बाजारपेठेतलं, तिसऱ्या पिढीकडे आलेलं. गल्ल्यावर काका बसतात, काट्यावर दोन पोरं असतात आणि बिलिंग, ऑर्डरींची वही, फोन हे सगळं त्यांच्या सूनबाई सांभाळतात. दुकानांना बिलिंगची मशीन आणि सॉफ्टवेअर बसवून देणं हा माझा धंदा, त्यामुळे या दुकानात माझं येणं-जाणं जुनं.

इथलं गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक गावातलं: बारसं, वाढदिवस, दहावीचा निकाल, सणवार आणि रविवारची जिलबी. दुसरं वाटेवरचं: पुण्या-मुंबईकडे परतताना कंदी पेढ्यांसाठी गाडी थांबवणारं. काकांची तक्रार दोघांबद्दल वेगवेगळी होती. वाटेवरचा माणूस पेढे खाऊन खूश होतो, पण पुढच्या खेपेला त्याच्या डोक्यात ‘साताऱ्याचे पेढे’ एवढंच उरतं, दुकान उरत नाही. तो शेजारच्याकडे शिरतो. गावातला माणूस दुकान विसरत नाही, पण गणपतीच्या आदल्या संध्याकाळी येऊन एकवीस मोदक मागतो आणि संपले म्हटलं की तोंड वाकडं करून जातो.

सूनबाई म्हणाल्या, “दादा, बिलाखाली काहीतरी चांगलं लिहून द्या ना. लोक परत येतील असं.”

तेव्हा बिलाखाली काय होतं ते आधी सांगतो. सगळं इंग्रजी, मोठ्या लिपीत, सॉफ्टवेअरबरोबर आलेलं. थँक यू, व्हिजिट अगेन. गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक. नो एक्स्चेंज, नो रिफंड. ई. अँड ओ. ई. सब्जेक्ट टू सातारा ज्युरिस्डिक्शन. आणि सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअर कंपनीचं नाव आणि फोन नंबर. म्हणजे दुकानाच्या कागदावर दुकानाचा फोन वर बारीक आणि कंपनीचा फोन खाली ठळक. ई. अँड ओ. ई. म्हणजे ‘चूकभूल द्यावी घ्यावी’. ते घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावर समजू शकतं; पाव किलो पेढ्यांच्या पावतीवर कोणासाठी आहे, हे कोणालाच सांगता आलं नाही.

पहिली कात्री दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीला लागली. काका लगेच अडले. “ती ओळ काढू नकोस. उद्या कोणीही अर्धा डबा खाऊन परत आणेल.” भीती खोटी नव्हती, पण ती ओळ त्यांना वाचवत नव्हती. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची जी व्याख्या आहे, तिच्यात सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं स्पष्टपणे येतं. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत. म्हणजे बासुंदी खरोखर आंबट निघाली, तर बिलावरचं ‘परत घेणार नाही’ दुकानाच्या उपयोगाचं नाही. उलट तक्रार पुढे गेली तर तोच कागद दुकानाच्या विरुद्ध दाखवला जाईल. ‘सदोष’ हा शब्द इथे महत्त्वाचा. आवडलं नाही, जास्त झालं, पाहुणे आले नाहीत म्हणून मिठाई परत घ्या, असं हा कायदा म्हणत नाही. खाण्याची वस्तू आहे, एवढं गिऱ्हाइकालाही कळतं. हे समजल्यावर काका नरमले.

आता ओळ काढली तर तिथे काय यावं? त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म तिथेच आहे. तो म्हणजे, हा मजकूर वाचला कधी जातो?

गल्ल्यावर तर कोणी वाचत नाही. तिथे माणूस रक्कम बघतो, मोबाईलवरून पैसे भरतो, पैसे मिळाल्याचा आवाज ऐकतो आणि निघतो. निम्मे लोक बिल तिथेच टाकून जातात. बिल खरं वाचलं जातं ते घरी, डबा उघडताना किंवा दुसऱ्या दिवशी उरलेल्या मिठाईकडे बघताना. तेव्हा घरातल्या बाईच्या किंवा पोराच्या मनात ठरावीक प्रश्न असतात. हे किती दिवस टिकेल? फ्रीजमध्ये ठेवायचं का? याचं नाव काय होतं? कुठून आणलं? आणि क्वचित कधी: हे असं का लागतंय, कोणाला विचारायचं? ‘पुन्हा भेट द्या’ यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. म्हणून ते डोळ्यांसमोरून जातं आणि दिसत नाही.

मग बिलाचा वरचा भाग पाहिला. तिथे वस्तूंची नावं होती ‘स्वीट 3’, ‘मिक्स मिठाई’, ‘स्पे. पेढा’. सॉफ्टवेअरमध्ये माल भरताना कोणीतरी घाईत टाकलेली नावं. मुंबईला पोचलेल्या माणसाने पेढे आवडले म्हणून बिल काढून पाहिलं, तर त्याला ‘स्वीट 3, 500 ग्रॅम’ वाचायला मिळणार. तो परत काय मागणार? तळटीप कितीही गोड लिहा, वरचं नाव मुकं असेल तर ती फुकट. म्हणून पहिलं काम तळटिपीचं झालंच नाही. सूनबाईंनी दोन दुपारी बसून विकल्या जाणाऱ्या सगळ्या वस्तूंची नावं, लोक काउंटरवर जी बोलतात ती, मराठीत भरली: कंदी पेढा, साधा पेढा, आंबा बर्फी, काजू कतली, नारळाची वडी, बासुंदी, साजूक तुपातली जिलबी.

नावं भरताना एक चांगली युक्ती सापडली. एका बिलावर कंदी पेढाही असतो आणि बासुंदीही. दोघांचं टिकणं वेगळं. भाजलेल्या खव्याचा पेढा बाहेर काही दिवस राहतो. बासुंदी गाडीत दोन तास राहिली तरी उन्हाळ्यात धोका. तळटीप मात्र सगळ्या बिलाला एकच. मग टिकण्याची सूचना तळटिपीत घालायची कशी? ती तिथे घालायचीच नाही, वस्तूच्या नावातच घालायची. बिलावर आता असं येतं:

बासुंदी – फ्रीज, आजच संपवा
कंदी पेढा – बाहेर चालेल, 6 दिवस
रसमलाई – फ्रीज, उद्यापर्यंत

हे दिवस कारखान्यातल्या आचाऱ्याला विचारून, काकांनी स्वतः एक दिवस आखडता धरून ठरवले. दुसऱ्या दुकानाने ते जसेच्या तसे उचलू नयेत. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावणं 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक आहे आणि या दुकानात ती लावलेली असतेच. पण ट्रे दुकानात राहतो आणि डबा घरी जातो. गिऱ्हाइकाला तारीख लागते ती घरी.

गंमत म्हणजे, याचा पहिला परिणाम गिऱ्हाइकावर नाही, काट्यावरच्या पोरांवर झाला. “किती दिवस टिकेल हो?” याला पोरं आधी “टिकेल की चार-पाच दिवस” असं ठोकून द्यायची. आता बिलावर जे छापून जातं, तेच त्यांना तोंडाने सांगावं लागतं.

वरचा भाग असा मार्गी लागल्यावर खालच्या जागेला हात घातला. कायद्याने लागणारे आकडे आधी हलवले. अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक बिलावर छापणं 1 जानेवारी 2022 पासून सक्तीचं आहे; तो बऱ्याच दुकानांत तळाशी, मजकुराच्या मधोमध लटकत असतो. तो जीएसटी क्रमांकाच्या खाली, डोक्यावर नेला. ज्युरिस्डिक्शन काढून टाकलं. कंपनीचं नाव काढायला कंपनीशी थोडी हुज्जत घालावी लागली. ती त्यांची फुकट जाहिरात होती, म्हणून.

मग मजकूर. सूनबाईंनी पहिला मसुदा स्वतः लिहून आणला होता: “आपण आमच्या दुकानास भेट दिलीत त्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्या सेवेची पुन्हा संधी द्यावी ही नम्र विनंती.” भाषा लग्नपत्रिकेची. त्यात गैर काही नाही, पण हे वाक्य चपलांच्या दुकानातही चालेल आणि दवाखान्यातही. मी त्यांना विचारलं, “वहिनी, डबा घेऊन निघालेल्या बाईला तुम्ही तोंडाने काय सांगता?” त्या म्हणाल्या, “काय सांगणार, बासुंदी फ्रीजला टाका, आणि जिलबी हवी असेल तर रविवारी लवकर या, अकराला संपते.” तळटीप तिथेच तयार झाली:

जिलबी रविवारी सकाळी 8 ते 11, गरम.
काही कमी-जास्त वाटलं तर फोन करा,
बिल जपून ठेवा.
दुकान: (फोन नंबर)

‘परत या’ असं यात कुठेही म्हटलेलं नाही. कधी यायचं आणि कशासाठी, ते आहे. रविवारचं जिलबीचं गिऱ्हाईक आधीही होतं, पण अकरानंतर येऊन हात हलवत जाणारे बरेच होते. एखादा दोनदा असा गेला की तिसऱ्यांदा येत नाही, आणि आपल्याला ते कळतही नाही.

‘काही कमी-जास्त वाटलं तर’ या ओळीवर सगळ्यात जास्त वाद झाला. काकांच्या मते ती आयतं भांडण बोलावणारी होती. मला वाटत होतं, आणि अजून वाटतं, की तक्रार असणारा माणूस दोनच गोष्टी करतो: एकतर दुकानात सांगतो, नाहीतर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगतो. पहिला रस्ता बंद असेल तर दुसरा उघडाच आहे. ओळ ठेवली, पण एक अट घालून: तो फोन काकांच्या खिशातला नसावा. काका दुपारी झोपतात आणि फोन उचलत नाहीत. तक्रारीचा नंबर उचलला गेला नाही तर तो न छापलेला बरा. काउंटरवरच्याच मोबाईलचा नंबर दिला, सूनबाई उचलतात.

फोन आले, पण काकांना वाटले होते तेवढे नाहीत. एक सांगण्यासारखा आहे. पुण्याच्या एका बाईंनी संध्याकाळी फोन केला, बासुंदी आंबूस लागतेय. सूनबाईंनी बिलावरची वेळ विचारली. बिल सकाळी अकराचं, घरी पोचायला पाच वाजलेले, मध्ये नातेवाइकांकडे जेवण आणि गाडी उन्हात. बाईंनीच बिल वाचलं आणि म्हणाल्या, “अगं हो, इथे फ्रीज लिहिलंय की.” चूक दुकानाची नव्हती हे दोघींनाही कळलं. तरी सूनबाई म्हणाल्या, पुढच्या खेपेला याल तेव्हा पाव किलो देते, पण निघताना घ्या. त्या दिवाळीच्या सुट्टीत आल्या आणि पाव किलोबरोबर दोन किलो पेढेही नेले. एका उदाहरणावरून नियम करू नये, पण त्या दिवसापासून काकांनी या ओळीचा विषय काढलेला नाही.

आता छपाईकडे येतो, कारण बहुतेक दुकानांत चांगला मजकूर इथेच मरतो. या दुकानात दोन इंची थर्मल प्रिंटर आहे. 58 मिलिमीटरचा रोल, छापायची रुंदी 48 मिलिमीटर, इंग्रजी अक्षरं ओळीला 32. मराठी मजकूर तसाच पाठवला तर अशा प्रिंटरवर बहुधा चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात, कारण त्याच्या पोटात देवनागरी नसते. दोन वाटा आहेत. सॉफ्टवेअर विंडोजच्या फाँटमधून चित्र बनवून पाठवत असेल तर तीच वापरायची. नाहीतर मजकुराचं काळं-पांढरं चित्र करून ते लोगोसारखं तळाशी लावायचं. या प्रिंटरवर एका मिलिमीटरला 8 ठिपके बसतात. इंग्रजी अक्षर 24 ठिपक्यांच्या उंचीतही नीट वाचता येतं, मराठी येत नाही: वरची वेलांटी, अनुस्वार आणि खालचा उकार यांनाच त्यातली बरीच जागा जाते, आणि ‘र्फी’ सारख्या ठिकाणी नुसता डाग उमटतो. 32 ते 36 ठिपके ठेवले, जाड वजनाचा साधा फाँट घेतला. मग ओळीला जेमतेम वीस अक्षरं बसतात. म्हणून वर दिलेली पहिली ओळ छापताना दोन ओळींत तुटते, आणि कुठे तोडायची ते आपण ठरवायचं. मशीनवर सोडलं तर ‘सकाळी 8 ते’ आणि खाली ‘11, गरम’ असं होतं.

चित्र लांब झालं की बिल हळू निघतं आणि कागद जातो. तळटिपीने बिल 2 सेंटिमीटर वाढलं आणि दिवसाला 300 बिलं असतील, तर रोज 6 मीटर कागद. पैशाने ते फार नाही, पण दिवाळीच्या गर्दीत रोल मध्येच संपतो तेव्हा रांग ओरडते. चार ओळींवर थांबायचं हे तिथूनच ठरलं.

दुसरी गोष्ट कागदाची. थर्मल कागदावर शाई नसते, उष्णतेने कागदाचाच लेप काळा होतो. तूप, तेल आणि ऊन लागलं की तो उडतो. पोरं बिल डब्यात पेढ्यांवरच टाकायची. दोन दिवसांत त्यावरचं काही वाचता येत नसे. मग एकाने डोकं लढवून बिल डब्यावर ठेवून वरून सेलोटेप मारायला सुरुवात केली. ते आणखी वाईट. चिकटपट्टीतल्या रसायनांनीही छपाई पुसली जाते, आणि नेमका पट्टीखालचा फोन नंबर गेला. आता बिल बाहेरच्या बाजूला, फक्त वरच्या कोऱ्या कडेला टेप लावून चिकटवतात. गल्ल्यावर टाकून दिली जाणारी बिलंही यामुळे डब्याबरोबर घरी जाऊ लागली. माझ्या अंदाजाने मजकूर बदलल्याने जितका फरक पडला, तितकाच या चिकटवण्याने पडला असेल.

खरी परीक्षा गणपतीला होती. 2025 मध्ये राखीपौर्णिमा 9 ऑगस्टला आणि गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला आली. राखीला दुकानात गर्दी असते, म्हणजे गणपतीच्या अडीच आठवडे आधी गावातलं बहुतेक नेहमीचं गिऱ्हाईक एकदा काउंटरवर येऊन जातं. त्याच बिलावर मोदकाचं लिहायचं ठरलं:

गणपतीचे मोदक: उकडीचे, मावा, आंबा.
उकडीचे फक्त ऑर्डरप्रमाणे.
ऑर्डर 24 ऑगस्टपर्यंत.
दुकान: (फोन नंबर)

काकांना इथे ‘गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा’ हवं होतं. शुभेच्छांना जागा गेली असती तर तारखेला उरली नसती. आणि राखीच्या दिवशी गणपतीच्या शुभेच्छा जरा घाईच्याच. उकडीचे मोदक दुकान मोजकेच करतं, कारण ते त्याच दिवशी करून त्याच दिवशी द्यावे लागतात; म्हणून ‘फक्त ऑर्डरप्रमाणे’ ही ओळ खरी होती. खोटी घाई लावायला मी कोणालाच सांगत नाही. ‘मर्यादित साठा’ लिहून चतुर्थीच्या संध्याकाळी ट्रे भरलेला दिसला, तर पुढच्या वर्षी ती ओळ कोणी मानत नाही.

याच बिलावर क्यूआर टाकला, व्हॉट्सॲपवर थेट ऑर्डरचा निरोप उघडणारा. मागची लिंक अशी:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=MODAK
```

शेवटचा शब्द मुद्दाम इंग्रजी आणि छोटा. तिथे ‘मोदक हवे आहेत’ असं मराठीत घातलं की लिंकमध्ये प्रत्येक मराठी चिन्हाची नऊ-नऊ अक्षरं होतात, क्यूआर दाट होतो आणि दोन इंची छपाईत जुन्या मोबाईलला वाचता येत नाही. चौकोन 2 सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवला नाही, आणि छापलेलं बिल एकदा चुरगळून, सरळ करून स्कॅन करून बघितलं. खिशातून निघणारं बिल तसंच असतं. या शब्दाचा दुसरा उपयोग असा की ‘MODAK’ एवढाच निरोप आला की ऑर्डर बिलावरून आली हे आपोआप कळतं. फोनने आलेल्या ऑर्डरीसाठी वहीत एक रकाना वाढवला: बिल, बोर्ड, नेहमीचे, इतर. विचारायचं ते एकदाच, सहज. रांगेत कोणाची उलटतपासणी घ्यायची नाही.

वही काय म्हणाली? बिलावरून आलेल्या ऑर्डरी होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच फोनवर, क्यूआरवर थोड्याच. क्यूआर वापरणारे मुख्यतः तरुण आणि पुण्यात राहून साताऱ्याच्या घरी गणपतीला येणारे. ज्यांच्या घरात मोदकाचा निर्णय होतो त्या काकू फोन करतात. पुढच्या वेळी जागा कमी पडली तर क्यूआर जाईल, नंबर राहील. आदल्या संध्याकाळची रांग कमी होती आणि ऑर्डरी आधी आल्या, हे काकांनीही मान्य केलं. पण त्याच वर्षी दुकानाबाहेर बोर्डही मोठा लावला होता. त्यामुळे यातलं बिलाचं श्रेय किती आणि बोर्डाचं किती, हे वहीतल्या रकान्यापलीकडे सांगता येत नाही. एकूण विक्रीवरून तर काहीच ठरवू नये. सणाचा महिना मागच्या महिन्याशी ताडून बघणं निरर्थक आहे.

दिवाळीच्या तोंडावर काकांच्या धाकट्या मुलाने सुचवलं, बिलावर ‘हे बिल दाखवा, पुढच्या खरेदीवर 10 टक्के सूट’ टाकू या. इतर दुकानं करतात. मी साधा हिशेब मांडला. समजा 500 रुपयांच्या मालात दुकानाला खर्च जाऊन 100 रुपये सुटतात. 50 सूट दिली की निम्मे गेले. जो एरवी आलाच नसता तो आला, तर उरलेले 50 कमावले. पण बिल जपून आणणारा माणूस बहुतेक वेळा तोच, जो दर आठवड्याला येतोच. त्याच्याकडून मिळणारे 100 आपण होऊन 50 केले. वर काउंटरवर रोजची कटकट: बिल हरवलंय, तारीख गेलीय, अक्षरं उडालीत, मागच्याला दिलीत मग मला का नाही. मिठाईत लोक परत येतात ते ताजेपणासाठी आणि भरवशासाठी, दहा टक्क्यांसाठी नाही, असं माझं मत. मुलाला ते पटलं नाही, सूनबाईंना पटलं. सूट टळली.

त्याऐवजी वाटेवरच्या गिऱ्हाइकासाठी एक ओळ आली: ‘पेढे संपले? कुरिअरने पाठवतो.’ ही फक्त कंदी पेढ्यांसाठी, आणि बासुंदीची मागणी आली तर नाही म्हणायचं हे आधी ठरवून. सुरुवातीला ही ओळ सगळ्या बिलांवर छापली जात होती, आणि गावातल्या लोकांना ती विचित्र वाटायची. शेजारच्या गल्लीतल्या एका आजोबांनी विचारलं, “मला कुरिअर कशाला रे, मी चालत येतो की.” सॉफ्टवेअरमध्ये बिलाचे दोन साचे ठेवता येत होते. पेढ्यांच्या मोठ्या डब्यांचं बिल आता दुसऱ्या साच्यावर निघतं. चूक कधीमधी होते, पण चालून जाते.

सगळ्यात मोठा घोळ सप्टेंबरमध्ये झाला. 22 सप्टेंबर 2025 पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या फरसाणावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. दर बदलायला सॉफ्टवेअरचं नवं रूप चढवलं, आणि त्याने बिलाचा साचा गुपचूप मूळ पदावर नेला. दसऱ्याच्या आधीचे काही दिवस बिलाखाली पुन्हा ‘नो एक्स्चेंज, नो रिफंड’ छापलं जात होतं, आणि दुकानातल्या कोणाच्याही ते लक्षात आलं नाही. लक्षात आणून दिलं ते एका गिऱ्हाइकाने: “काय हो, आता तक्रार करायची नाही का?” तेव्हापासून एक शिरस्ता आहे. रोज सकाळी दुकान उघडलं की पहिलं बिल सूनबाई हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचतात. काउंटर दोन असतील तर दोन्हीचं. एका मशीनवर मजकूर बदलला आणि दुसऱ्यावर राहून गेला, हे मी दुसऱ्या दुकानांत पाहिलंय.

रोलच्या मागच्या बाजूला आधीच छापून घ्यायची सोयही मिळते, आणि छापखानावाला ती स्वस्तात देतो. काकांना मोह झाला होता. पण किमान संख्या मोठी असते, आणि दिवाळीचा मजकूर फेब्रुवारीपर्यंत पुरतो. मागे पत्ता आणि दुकानाचं नाव एवढं छापलं तर ठीक. तारीख असलेलं काहीही तिथे नको.

तळटीप बदलायची कधी, हे आता गल्ल्यामागच्या दिनदर्शिकेवरच लिहिलेलं असतं. संक्रांतीआधी तिळाच्या वड्या आणि गुळाची पोळी, पाडव्याआधी श्रीखंड, एप्रिल-मे आंबा बर्फी, आषाढीला उपवासाचे पदार्थ, राखीपासून मोदक, दसऱ्याला जिलबी आणि श्रीखंड, त्यानंतर फराळाच्या ऑर्डरीची शेवटची तारीख. प्रत्येक नोंदीपुढे दोन तारखा: मजकूर कधी चढवायचा आणि कधी उतरवायचा. उतरवायची तारीख जास्त महत्त्वाची. ऑर्डर बंद झाल्यावरही ‘24 ऑगस्टपर्यंत’ छापत राहिलं तर दुकान झोपलंय असं दिसतं. मधल्या दिवसांत जिलबीचा साचा आपोआप परत येतो.

सध्या एकच गोष्ट लटकली आहे. धाकट्या मुलाला कागद बंद करून बिल मोबाईलवर पाठवायचं आहे. त्यासाठी प्रत्येकाचा नंबर विचारावा लागेल, रविवारी सकाळी जिलबीच्या रांगेत ते शक्य नाही, आणि बरेच लोक नंबर द्यायला का-कू करतात. शिवाय मोबाईलवरचं बिल डब्यावर चिकटत नाही. दिवाळीनंतर फक्त ऑर्डरीच्या गिऱ्हाइकांना, ज्यांचा नंबर वहीत आधीच आहे, त्यांना पाठवून बघायचं असं ठरलंय.